‘ए.कु.मॅ.’ आणि एक अर्ज

मराठीत एम.ए. झालेली माझी एक विद्यार्थिनी काही महिन्यांपूर्वी अर्जाचा मसुदा घेऊन आली. पुण्यातील एका भाषांतर संस्थेला मराठी-इंग्रजी भाषांतरकार हवे होते. संस्थेने अर्ज दोन्ही भाषांत मागवला होता आणि ‘विशेष क्षेत्रातील अनुभव असल्यास सविस्तर लिहावे’ अशी सूचना दिली होती. मसुदा व्यवस्थित टंकलेला होता, शुद्धलेखन निर्दोष होते. तरीही तो वाचून झाल्यावर ही मुलगी नेमके काय करू शकते, हे मला सांगता आले नसते. पाच वर्षे मी तिला शिकवले असूनही! या मसुद्याचे पुढे जे झाले त्यातून आपल्या साहित्यशिक्षणाविषयी काही म्हणावेसे वाटले, म्हणून हा लेख. विद्यार्थिनीची संमती घेतली आहे. नाव देत नाही.

मराठी मसुद्याची सुरुवात अशी होती : ‘मी हे पत्र आपल्या संस्थेतील भाषांतरकार या पदामध्ये माझा रस व्यक्त करण्यासाठी लिहीत आहे.’ या वाक्याचा एकेक शब्द मराठी आहे, पण वाक्य मराठी नाही. मराठीत अर्जदार ‘रस व्यक्त’ करीत नाही. तो अर्ज करतो. विषयाची ओळ, ‘महोदय’, आणि ‘आपल्या जाहिरातीस अनुसरून अर्ज सादर करीत आहे’ असे सरळ विधान, ही आपल्याकडील अर्जाची रूढ चाल आहे. ती कोणाला जुनाट वाटेल. पण आधी इंग्रजी अर्ज लिहून त्याचे मराठी केले आहे, हे भाषांतर संस्थेतील वाचकाला पहिल्या ओळीत कळले, तर पुढे ‘दोन्ही भाषांवर समान प्रभुत्व’ असे लिहून उपयोग काय? इथे अर्ज हाच भाषांतराचा पहिला नमुना असतो. तो वाचणारा माणूस वाक्यात काय सांगितले आहे याआधी वाक्य कसे चालते हे पाहतो.

पुढच्या परिच्छेदात लहानपणापासूनची वाचनाची आवड, एका इंग्रजी कवीच्या चार कवितांचे केलेले अनुवाद, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन, असे सारे होते. शेवटी एकच ओळ : ‘याशिवाय दोन वर्षे एका वकिलांकडे किरकोळ भाषांतराचे काम केले आहे.’

मी विचारले, किरकोळ म्हणजे काय? ती म्हणाली, “काही नाही सर, सातबारा आणि फेरफार. त्यात साहित्य असं काही नसतं.”

हे वाक्य तिचे नव्हते. ते तिने माझ्या वर्गात ऐकले होते, कदाचित याच शब्दांत नाही. अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेत कवितेच्या अनुवादक्षमतेवर मी तासामागून तास घेतले आहेत. ज्या कागदाच्या भाषांतरावर कोणाची जमीन राहते किंवा जाते, त्यावर एकही नाही.

तिच्याकडून कामाची हकिकत काढून घ्यायला अर्धा तास लागला. तालुक्याच्या गावी एका दिवाणी वकिलांकडे ती पदवीनंतर दोन वर्षे, रोज दुपारी चार तास जात असे. दावा तालुक्याच्या न्यायालयात असेपर्यंत कागद मराठीत चालतात. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, की तिथली भाषा इंग्रजी. शिवाय परदेशी असलेल्या वारसांना, बँकांना, व्हिसासाठी मालमत्ता दाखवणाऱ्यांना इंग्रजी प्रती लागतात. अशा वेळी गाव नमुना सात-बाराचे उतारे, सहा नंबरच्या फेरफार नोंदी आणि जुनी खरेदीखते ती इंग्रजीत करी. तिच्या वहीत प्रत्येक कामाची तारीखवार नोंद होती. अवघड शब्दांपुढे तिने घेतलेला निर्णय आणि त्याचे कारणही लिहिलेले होते. ही वही तिने मला सहज म्हणून दाखवली. माझ्या मते संपूर्ण अर्ज त्या वहीत होता.

वहीतील तीन नोंदी इथे सांगतो.

पहिली नोंद क्षेत्राची. उताऱ्यावर ‘० हे. ४० आर’ असे होते. आर हे दशमान मोजमाप आहे : एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. तेव्हा ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर. एकराहून थोडे कमी, कारण एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटरांचा असतो. तिच्या आधी कोणी केलेल्या इंग्रजी प्रतीत हे क्षेत्र ‘चाळीस एकर’ झाले होते. आर आणि एकर यांच्या उच्चारसाम्याने जमीन चाळीस पटींनी वाढली होती. तिला चूक कशी सापडली? भाषाज्ञानाने नव्हे. त्याच उताऱ्यावरील आकारणीची रक्कम इतक्या मोठ्या क्षेत्राच्या मानाने फारच कमी दिसत होती, म्हणून तिने मूळ कागद पुन्हा पाहिला.

दुसरी नोंद ‘भोगवटादार’ या शब्दाची. सहज सुचणारा इंग्रजी प्रतिशब्द म्हणजे ‘ओनर’. तो चूक आहे, आणि दोन कारणांनी चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या इंग्रजी पाठात या माणसाला ‘ऑक्युपंट’ म्हटले आहे आणि त्याचे वर्ग केले आहेत. वर्ग एकच्या भोगवटादाराला जमीन हस्तांतरित करण्यावर सामान्यतः बंधन नसते, वर्ग दोनच्या जमिनीला ते असते. ‘ओनर’ लिहिले, की हा भेदच पुसला जातो आणि परवानगीवाचून विकता न येणारी जमीन इंग्रजी वाचणाऱ्याला मोकळी वाटू लागते. दुसरे कारण असे, की सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण केवळ नोंदीने मालकी निर्माण होत नाही. दाव्यात ज्याचा निर्णय व्हायचा आहे तो भाषांतरकाराने आधीच देऊन टाकू नये. साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘ऑक्युपंट’ हा शब्द ओबडधोबड वाटेल. आपण प्रतिशब्द घडवण्यात धन्यता मानतो. इथे प्रतिशब्द घडवायचा नसतो, तो कायद्याने आधीच ठरवलेला असतो, आणि तो शोधून काढणे हेच कौशल्य असते.

तिसरी नोंद या लेखाच्या शीर्षकातली. एका जुन्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे होती. पूर्वीच्या भाषांतरकाराने ती नावाची आद्याक्षरे समजून इंग्रजीत नावाआधी तशीच जोडली होती. वस्तुतः ए.कु.मॅ. म्हणजे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. (दोन मराठी शब्दांना एक इंग्रजी शब्द जोडून त्यांची आद्याक्षरे काढण्याची ही करामत महसूल खात्याचीच.) याचा अर्थ असा, की जमीन त्या एकट्याची म्हणून नोंदलेली नाही, एकत्र कुटुंबाच्या वतीने त्याचे नाव लागले आहे. भावाबहिणींचा हिस्सा आहे की नाही, या वादात ही तीन अक्षरे बहिणींच्या बाजूचा पहिला धागा ठरू शकतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केल्यानंतर तर अधिकच. इंग्रजी प्रतीत मात्र तो थोरला भाऊ फक्त लांब नावाचा एक गृहस्थ झाला होता. बहिणी कागदावरून नाहीशा झाल्या होत्या, आणि हे करताना कोणाचा वाईट हेतू नव्हता.

तिने तिथे ‘संयुक्त हिंदू कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द घातले, मूळ अक्षरे रोमन लिपीत ठेवली आणि तळटीप दिली. तळटीपेत अर्थ सांगितला, पण जमीन वडिलोपार्जित आहे असा निष्कर्ष काढला नाही. तो निष्कर्ष वकिलांनी मांडायचा आणि न्यायालयाने तपासायचा. जिथे अर्थ देणे संपते आणि युक्तिवाद सुरू होतो, ती रेषा तिला वर्गात कोणी दाखवली नव्हती.

आता माझे म्हणणे. अर्जातील ‘विशेष अनुभव’ म्हणजे क्षेत्राचे नाव नव्हे. ‘विधी’, ‘वैद्यकीय’, ‘तांत्रिक’ असे शब्द प्रत्येक अर्जात असतात आणि ते कोणालाही लिहिता येतात. चूक कुठे होते हे ठाऊक असणे आणि ती होऊ न देण्यासाठी आपण काय केले हे सांगता येणे, म्हणजे विशेष अनुभव. वरील तीन नोंदींपैकी कोणतीही एक वाचली, तर त्या कामाशी परिचित असलेल्या माणसाला अर्जदाराची पारख होते. आणि परिचित नसलेल्यालाही निदान एवढे कळते, की हिला धोक्याची जागा दिसते. ‘अत्यंत काटेकोर’, ‘भाषेवर प्रेम करणारी’ ही विशेषणे हे काम करू शकत नाहीत. विशेषण ही अर्जदाराने स्वतःवर केलेली समीक्षा आहे, आणि पुराव्यावाचूनची समीक्षा आपण वर्गात तरी खपवून घेत नाही.

पुराव्याबरोबर मोजमाप येते, आणि तिथे प्रामाणिकपणाचा प्रश्न उभा राहिला. पहिल्या मसुद्यात ‘दोन वर्षांचा अनुभव’ असे होते. भाषांतर सेवांसाठी आयएसओ १७१०० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ साली आले. त्याचे पालन करणाऱ्या संस्थेला भाषांतरकाराची पात्रता तीन मार्गांपैकी एकाने दाखवावी लागते : भाषांतर या विषयातील पदवी, किंवा अन्य विषयातील पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. आमची विद्यार्थिनी दुसऱ्या मार्गातली. पण रोज चार तास म्हणजे अर्धवेळ. दोन वर्षांचे ते काम पूर्णवेळ धरले तर जेमतेम एक वर्ष. ‘दोन वर्षे’ हे शब्द खोटे नव्हते, तरी वाचणाऱ्याचा त्यांवरून चुकीचा समज झाला असता. ती म्हणाली, “एक वर्ष लिहिलं तर ते बोलावणारच नाहीत.” शक्य होते. मी तिला एवढेच म्हणालो, की आर आणि एकर यांतला फरक तू दुसऱ्याच्या कागदावर पकडलास. त्यावर ती काही बोलली नाही. पण पुढच्या मसुद्यात ‘अर्धवेळ’ हा शब्द आला.

आणखी एक गोष्ट वेळीच लक्षात आली म्हणून बरे झाले. नमुना म्हणून तिने वकिलांकडील एका खऱ्या प्रकरणाचा उतारा आणि त्याचे भाषांतर जोडले होते. सातबारा हा सार्वजनिक अभिलेख आहे, कोणीही त्याची नक्कल काढू शकतो, असा तिचा युक्तिवाद. तो उताऱ्यापुरता बरोबर आहे. परंतु कोणत्या पक्षकाराने, कोणत्या वादासाठी, कोणता उतारा भाषांतराला दिला, ही माहिती सार्वजनिक नाही. ती वकिलावरच्या विश्वासाने आलेली आहे. आणि जी संस्था आपल्या गिऱ्हाइकांचे कागद अर्जदाराच्या हाती देणार, ती हे जोडपत्र पाहून काय समजेल? आधीच्या ठिकाणचे कागद जी बाहेर काढते, ती आमचेही काढील. तेव्हा तिने गाव, नावे, गट क्रमांक सारे कल्पित घेऊन एक उतारा स्वतः तयार केला आणि तो कल्पित असल्याचे वर स्पष्ट लिहिले. नमुन्याच्या दृष्टीनेही हे सरस ठरले, कारण अवघड जागा एकाच पानात आणता आल्या.

शेवटी पाठवलेला मराठी अर्ज पुढीलप्रमाणे.

‘महोदय,

आपल्या जाहिरातीस अनुसरून मराठी-इंग्रजी भाषांतरकार या कामासाठी अर्ज करीत आहे. माझी मातृभाषा मराठी असून मी मराठी विषयात एम.ए. केले आहे.

जमिनीसंबंधी महसुली व दिवाणी कागदपत्रांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर हे माझे विशेष क्षेत्र आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका दिवाणी वकिलांकडे मी दोन वर्षे अर्धवेळ (रोज चार तास) हे काम केले. या काळात सुमारे ३०० सात-बारा उतारे, ९० फेरफार नोंदी व ४० खरेदीखते इंग्रजीत केली. प्रत्येक भाषांतर वकील स्वतः मूळ कागदाशी ताडून पाहत.

या कामात संहितेच्या इंग्रजी पाठातील संज्ञाच वापराव्यात, असा नियम मी पाळते. उदाहरणार्थ, ‘भोगवटादार’ यासाठी मालकवाचक शब्द वापरत नाही, कारण त्याने वर्ग एक व वर्ग दोन हा भेद नाहीसा होतो. ‘ए.कु.मॅ.’, ‘अ.पा.क.’ यांसारखी संक्षिप्त रूपे गाळत नाही. मूळ अक्षरे ठेवून तळटीपेत अर्थ देते. क्षेत्र मूळ परिमाणातच ठेवते. एकरातील रूपांतर मागितल्यास ते वेगळे दाखवते. अक्षर न लागल्यास तर्काने भरत नाही, ‘अवाचनीय’ असे नोंदवते.

इंग्रजीत भाषांतर करण्याचा माझा अनुभव वरील प्रकारच्या कागदपत्रांपुरता मर्यादित आहे. अन्य विषयांत मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करू शकते. मात्र वैद्यकीय व तांत्रिक मजकुराचा अनुभव मला नाही. मोडी लिपी मला वाचता येत नाही.

सोबत नमुना जोडला आहे. त्यातील गाव, व्यक्ती व क्रमांक कल्पित आहेत. आपण पाठवाल तो चाचणीचा मजकूर करून देण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू’

या अर्जात कवितेचे अनुवाद नाहीत, याचे मला क्षणभर वाईट वाटले हे कबूल करतो. तिने ते स्वतःहून काढले. “त्यांना जे लागणार नाही ते त्यांना कशाला वाचायला लावायचं,” असे ती म्हणाली. दुसरीकडे, मी जे वाक्य काढ म्हणून सुचवले ते तिने ठेवले : मोडी येत नसल्याचे. नसलेल्या गोष्टी आपण होऊन का सांगाव्यात, असे मला वाटले होते. तिचे उत्तर बिनतोड होते. जुन्या जमिनीचे कागद करते म्हटले, की मोडी येत असेल असे कोणीही गृहीत धरणार. मग एखादे दिवशी मोडीतला दस्त येऊन पडला, तर तिला एक तर परत करावा लागेल किंवा चोरून दुसऱ्याकडून करून घ्यावा लागेल. मर्यादा सांगणे हा इथे विनय नव्हता. संस्थेला काम वाटताना लागणारी ती माहिती होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. विद्यापीठाने काय कारकून घडवायचे? साहित्याचा अभ्यास हा उपजीविकेच्या पलीकडचा आहे, ही भूमिका मी स्वतः अनेकदा मांडली आहे आणि अजूनही सोडलेली नाही. पण वरच्या तीन नोंदींकडे पुन्हा पाहावे. शब्दाचा अर्थ त्याच्या संदर्भव्यवस्थेत ठरतो. कागद जे सांगत नाही ते भाष्यकाराने त्याच्या तोंडी घालू नये. गाळलेले एखादे अक्षरही अर्थ बदलते. हे तर आपण पाठचिकित्सेच्या तासाला शिकवतो! विद्यार्थिनी ते शिकली होती. फक्त हे शिक्षण सातबारा वाचताना कामी आले, हे तिला ओळखता आले नाही, कारण ज्यांनी ओळखून द्यायचे त्यांनाच तो कागद वाचनीय वाटत नव्हता. तिच्या पहिल्या मसुद्यातल्या ‘किरकोळ’ या शब्दाची जबाबदारी आमची आहे.

असो. अर्ज गेला. तीन आठवड्यांनी संस्थेकडून चाचणीसाठी एक पानभर मजकूर आला. त्यात एक वारसनोंदीचा फेरफार होता. तिने तो करून पाठवला आणि सोबत एक शंका विचारली, की मूळ नोंदीतील एका वारसाचे वय दोन ठिकाणी वेगळे आहे, ते तसेच ठेवून टीप दिली आहे, चालेल ना? त्यांनी सध्या तिला याच प्रकारच्या कागदांपुरते काम द्यायला सुरुवात केली आहे. त्यावर दुसरा भाषांतरकार तपासणीचा हात फिरवतो. आयएसओ १७१०० मध्ये तशी दुसऱ्या माणसाकडून तपासणी आवश्यकच आहे. पूर्णवेळ नोकरी ही नव्हे. वकिलांकडची दुपारची वेळ तिने अजून सोडलेली नाही.

यंदा अनुवादाच्या अंतर्गत परीक्षेत मी कवितेबरोबर एक कल्पित सातबारा दिला. बहुतेकांनी भोगवटादाराला ‘ओनर’ केले. ए.कु.मॅ. ही अक्षरे काहींनी नावात घातली, काहींनी सरळ सोडून दिली. एका मुलाने मात्र त्या जागी चौकट करून लिहिले : ‘हे काय आहे ते मला माहीत नाही, पण ते नाव नाही.’ त्याला मी पूर्ण गुण दिले.